सप्तम स्थान आणि सप्तमेश : पत्रिकेत जोडीदार कसा वाचावा

लग्नाला आलेल्या मुलीची पत्रिका घेऊन आई येते, तेव्हा बहुतेक वेळा तिच्या मनात एकच वाक्य बसलेलं असतं आणि ते आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. "सातव्यात शनी आहे." "वर मंगळ बघतोय." "केतू असला की संसारात मन नाही." इंदूरला वधू-वर मेळाव्यात हीच वाक्यं कानावर येतात, मग घरी परतल्यावर आजी-मावशी तीच पुढे चालवतात आणि चांगली स्थळं नुसत्या भीतीपोटी परत जातात. यात चूक शनीची नसते. सातवं घर आणि त्या घराचा मालक, म्हणजे सप्तमेश, या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या असतात. लोक घर वाचतात आणि मालकाला विसरतात.

या लेखात एकच पत्रिका शेवटपर्यंत घेतो. मुलगी इंदूरची, लोकमान्य नगरातल्या मराठी कुटुंबातली, जन्म नोव्हेंबर 1996 च्या शेवटच्या आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमारास. नाव देत नाही, ग्रह मात्र जसे आहेत तसे देतो. लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, कन्या, सुमारे 11 अंश. लग्नात राहू. दुसऱ्यात तुळेचा शुक्र. तिसऱ्यात वृश्चिकेत रवी आणि बुध. चौथ्यात धनूचा गुरू, साधारण 24 अंशांवर. सातव्यात मीन राशीत वक्री शनी आणि केतू. नवव्यात वृषभेचा चंद्र. बाराव्यात सिंहेचा मंगळ. कागदावर कुंडली काढून शेजारी ठेवा, म्हणजे पुढचं सगळं डोळ्यांसमोर राहील.

आधी पत्रिकाच बरोबर आहे का, ते पाहा

जोडीदाराचं वर्णन लग्नावर उभं असतं, कारण सातवं घर लग्नापासूनच मोजायचं. लग्न चुकलं की सप्तम चुकलं, सप्तमेश बदलला, पुढचं सारं वाया. चंद्राची रास सव्वादोन दिवसांच्या आसपास टिकते, पण लग्न सरासरी दोन तासांत बदलतं आणि नवांश लग्न, म्हणजे राशीच्या नवव्या भागावरून काढलेलं लग्न, तर दहा-पंधरा मिनिटांत.

मोबाइलवर पत्रिका काढताना जन्मगाव नीट भरलेलं नसेल तर पुष्कळ सॉफ्टवेअर आधीचंच शहर धरून बसतात, आणि पुण्या-मुंबईच्या मामांनी काढून पाठवलेल्या पत्रिकेत ते शहर हमखास मुंबई असतं. इंदूर 75 अंश 52 कला पूर्व रेखांशावर आहे, मुंबई 72 अंश 50 कलांवर. तीन अंशांचा फरक, म्हणजे 12 मिनिटं. घड्याळ देशभर एकच असलं तरी इंदूरची स्थानिक वेळ त्याच्या सुमारे साडेसव्वीस मिनिटं मागे असते, मुंबईची आणखी 12 मिनिटं मागे. कन्या लग्न उगवत असताना एक अंश पुढे सरकायला सव्वाचार मिनिटांच्या आसपास लागतात, तेव्हा 12 मिनिटांत लग्न पावणेतीन अंशांनी हलतं. आपल्या पत्रिकेत इंदूर धरलं तर लग्न कन्या 11 अंश येतं, मुंबई धरली तर सव्वाआठ. रास दोन्हीकडे कन्याच, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. पण कन्येत 10 अंशांवर नवांश बदलतो. इंदूर धरून नवांश लग्न मेष, मुंबई धरून मीन. नवांशातलं सातवं घर एकदम तुळेवरून कन्येवर जातं. जुन्या गणितींनी उज्जैनवरून जाणारी रेषाच शून्य रेखांश मानली होती, आणि इंदूर त्या रेषेपासून अगदी जवळ. आपल्याच भागातल्या पत्रिका मुंबईच्या रेखांशावर निघाव्यात, हे मला नेहमी खटकतं.

दुसरी चूक तारखेची. घरचे सांगतात, "पंचवीसच्या रात्री अडीचला झाली." आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजायची सवय, त्यामुळे अडीच वाजता अजून पंचवीसच चालू असते. सॉफ्टवेअरला मात्र मध्यरात्रीनंतरची सव्वीस द्यावी लागते. इथे एक दिवस मागची तारीख भरली तर चंद्र वृषभेतच राहतो, लग्नही कन्याच येतं, फक्त नक्षत्र रोहिणीऐवजी कृत्तिका होतं. जन्मदाखल्यावरची तारीख पाहून खात्री करा. दाखल्यावर वेळ नसेल तर आईला विचारा, पण "अडीच" म्हटलं की "अडीचच्या आधी की नंतर" हेही विचारा. अयनांश चित्रापक्षाचा, म्हणजे लाहिरी ठेवा. दोन पत्रिका जुळवताना दोन्हींचे अयनांश एकच हवेत.

एक गोष्ट नवख्यांसाठी. आपल्या चौकटीत वरचं मधलं घर लग्नाचं आणि त्याच्या बरोबर समोरचं, खालचं मधलं घर सातवं. त्यात जो आकडा लिहिलेला असतो तो राशीचा असतो, घराचा नाही. इथे खालच्या घरात 12 लिहिलंय, म्हणजे बारावं स्थान नव्हे, मीन रास. मीनेचा स्वामी गुरू, म्हणून या पत्रिकेत सप्तमेश गुरू.

सातव्या घरात काय बसलंय

घर वाचताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या घरात पाऊल टाकल्यावर काय जाणवेल? सप्तम स्थान वैवाहिक जीवनाची हवा सांगतं, जोडीदार पहिल्यांदा समोर येतो तेव्हा कसा भासतो ते सांगतं. तो माणूस मुळात कोण आहे, कुठून आलाय, काय करतो, हे मात्र सप्तमेश सांगतो. ही वाटणी पक्की धरली की निम्मा गोंधळ मिटतो.

आपल्या पत्रिकेत घरात शनी आणि केतू, शिवाय बाराव्या मंगळाची आठवी दृष्टी, म्हणजे त्याच्यापासून आठव्या घरावर पडणारी नजर. ऐकायला तिन्ही कठोर. पण एकेकाचं बळ बघू. शनी सातव्या स्थानात दिग्बली होतो, त्याचं दिशेचं पूर्ण बळ याच घरात असतं. बळ असलेला शनी माणसाला पोक्त, जबाबदार, वेळेचा पक्का आणि बोलण्यात जपून करतो. तो मीनेत म्हणजे गुरूच्या घरी आहे, आणि घरमालक गुरू स्वतः बलवान असल्यानं शनीचा कोरडेपणा माफक राहतो. वक्री आहे म्हणून निर्णयाला वेळ लागेल, स्थळ एकदा मागे जाऊन पुन्हा पुढे येईल, असं परंपरा सांगते. वयात अंतर थोडं जास्त असण्याकडेही कल धरतात. केतू त्यात अलिप्तपणा मिसळतो. हा माणूस भेटल्याबरोबर गप्पा मारणारा नसेल. पहिल्या भेटीत मुलीला वाटेल की याला आपल्यात रसच नाही.

म्हणून "सातव्यात शनी-केतू" याचा अर्थ "लग्न बिघडणार" असा न लावता "पहिली भेट थंड वाटेल" असा लावा, आणि घरच्यांना तसं सांगा. कारण व्यवहारात नुकसान तिथेच होतं. चहा-पोहे झाले, मुलगा फारसा बोलला नाही, आणि फोनवर नकार गेला.

रूपाबद्दल इथे मी काहीच सांगत नाही. मीन रास भरलेलं अंग आणि मध्यम उंची सांगते, शनी काटक, लांब हाडाचा आणि वयापेक्षा मोठा दिसणारा सांगतो. दोन विधानं एकमेकांना छेद देतात तेव्हा त्यातलं एक निवडून ठामपणे सांगणं हा निव्वळ अंदाज असतो. रूपाचं वर्णन तेव्हाच करावं, जेव्हा रास, त्यातला ग्रह आणि सप्तमेश तिन्ही एका दिशेला जातात.

सप्तमेश कुठे गेला

आता गुरूकडे. त्याच्याबद्दल चार गोष्टी क्रमानं पाहायच्या: तो कोणत्या राशीत आहे, कोणत्या घरात, त्याच्यावर कुणाची नजर आहे, आणि तो अस्तंगत किंवा वक्री आहे का.

रास धनू, म्हणजे स्वतःचीच. स्वगृही सप्तमेश म्हणजे जोडीदार आपल्या पायावर उभा, स्वतःचं मत असलेला, घराण्याची आणि शिक्षणाची बैठक असलेला. घर चौथं, म्हणजे केंद्र, तिथे बळ आणखी वाढतं. रवीपासून चाळीस अंशांहून दूर आहे, त्यामुळे अस्तंगत नाही, आणि मार्गी आहे. इतका सुस्थितीतला सप्तमेश असताना नुसतं सातव्यातल्या शनीकडे बघून घाबरणं मला अन्यायाचं वाटतं.

चौथं घर आईचं, राहत्या वास्तूचं, जमिनीचं, शिक्षणाचं आणि आपल्या मातीचं. सप्तमेश तिथे गेला की जोडीदार आईच्या ओळखीतून, माहेरच्या नात्यातून किंवा आपल्याच मुलखातून येण्याकडे कल असतो. स्वतःचं घर असणारा, घराकडे ओढा असणारा. इंदूरच्या मुलीच्या बाबतीत मी इथे "माळव्यातला" असं नेमकं सांगणार नाही. चौथं घर जवळीक दाखवतं, नकाशा दाखवत नाही. पुण्यात नोकरीला असलेला, पण आई-वडील इंदूर-देवासचे, असाही मुलगा या वर्णनात बसतो.

सप्तमेश दुसरीकडे असता तर काय, हे एका दमात सांगतो. तिसऱ्यात असता तर शेजार, भावंडांचे मित्र, लेखन-बोलण्याचा पेशा. नवव्यात वडिलांच्या ओळखी आणि धर्मनिष्ठ घर. दहाव्यात कामाच्या ठिकाणची ओळख. बाराव्यात दूरचा गाव किंवा परदेश. सहाव्या-आठव्यात गेला तर घाईनं "वाईट" म्हणू नका. सहावं सेवेचं घर आहे आणि वैद्यक, कायदा, लष्कर अशा पेशांचे जोडीदार तिथून दिसतात. मात्र तिथे सप्तमेश नीच किंवा अस्तंगत असेल तर तब्येत आणि मतभेद यांचा विचार करावाच लागतो.

आपल्या गुरूवर शनीची दहावी दृष्टी आहे. सातव्यातून दहावं मोजलं की चौथं येतं. म्हणजे घरात बसलेला शनी घरमालकालाही बघतोय. मुलीच्या पत्रिकेत हा या वर्णनातला सर्वात मोलाचा धागा आहे. गुरूचा ज्ञानी, उदार स्वभाव शनीच्या शिस्तीत आलाय. पैसा मोजून खर्च करणारा, हळूहळू चढत गेलेला, थोरामोठ्यांत मान असलेला माणूस. घरातलं दिसणं आणि माणसाचं मूळ, दोन्हींना जोडणारी ही दृष्टी असल्यानं शनीचा ठसा नुसता वरवरचा नाही असं मानायला आधार मिळतो.

मुलीच्या पत्रिकेत गुरू हा पतीचा कारकही असतो, मुलाच्या पत्रिकेत पत्नीसाठी शुक्र पाहतात. इथे गुरू सप्तमेशही आहे आणि कारकही. इथे एक सावधगिरी हवी. एकच ग्रह दोन नात्यांनी आला म्हणून दोन पुरावे होत नाहीत. साक्षीदार एकच आहे, त्याचं म्हणणं एकदाच मोजा.

सातव्यालाच लग्न मानून पाहा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि खरं वर्णन इथेच उलगडतं. सातवं घर हे जोडीदाराचं पहिलं घर समजा आणि तिथून पत्रिका पुन्हा मोजा.

मग जोडीदाराचं लग्न मीन, त्यात शनी-केतू. त्याचा लग्नस्वामी गुरू त्याच्या दहाव्या घरात, स्वगृही. मुलीच्या बाजूनं जे चौथं, म्हणजे घर आणि आई, तेच त्याच्या बाजूनं कर्मस्थान. लग्नस्वामी स्वतःच्या घरात दहाव्यात बसला की माणसाची ओळख कामामुळे असते. शिकवणं, सल्ला देणं, कायदा, हिशेब-तपासणी, वैद्यक, प्रशासन, गुरूच्या ज्या ज्या वाटा आहेत त्यांपैकी एखादी. आई मला इथे हमखास विचारते, "काका, पण नोकरी कुठली?" मी सांगतो, "वहिनी, नोकरीचं नाव पत्रिकेत नसतं. माणूस आपल्या कामात नावाजलेला असेल, एवढं सांगू शकतो."

आता मंगळ. मुलीच्या बाजूनं तो बाराव्यात, म्हणून "कडक मंगळ" अशी चिठ्ठी कुणीतरी लावलेली असते. जोडीदाराच्या बाजूनं मोजा: सहावं घर. सहाव्यात मंगळ हा पराक्रमी मानतात, स्पर्धेत टिकणारा, कष्ट उपसणारा, विरोधकांना पुरून उरणारा. शिवाय मीन लग्नाला मंगळ दुसऱ्या आणि नवव्या घराचा स्वामी, म्हणजे कुटुंबाचा आणि भाग्याचा. त्यातही हा मंगळ गुरूच्या नवव्या दृष्टीत आहे. मुलीच्या बाराव्यात सिंहेचा मंगळ असला आणि गुरू बघत असला तर त्याचा दोष सौम्य मानणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांच्याच बाजूचा. मंगळाची आठवी दृष्टी सातव्यावर आहे हे मात्र नाकारायचं नाही. तिचा अर्थ असा की मुलगा शांत असला तरी त्याच्यात राग आहे, तो कमी वेळा येईल पण एकदम येईल. हे आईला सांगायला हवं, कारण शांत माणसाचा राग कुणी गृहीत धरत नाही.

त्याच्या नवव्यात रवी-बुध, म्हणजे वडिलांशी बौद्धिक नातं, वडील मानाचे. शुक्र त्याच्या आठव्यात जातो, तुळेचा असला तरी. सासरच्या पैशाअडक्याची, वारशाची काही गुंतागुंत तिथे दिसते, पण एका शुक्रावरून मी ती बोलून दाखवत नाही, नोंद करून ठेवतो.

चंद्राकडून आणि नवांशातून ताळा

इथपर्यंत आपल्याकडे सात-आठ विधानं जमली. ती सगळी सांगायची नसतात. जे निदान दोन वेगळ्या वाटांनी पुन्हा येतं, तेवढंच सांगायचं.

पहिली वाट चंद्राची. चंद्र वृषभेत, त्यापासून सातवी रास वृश्चिक. तिथे रवी आणि बुध. स्वामी मंगळ, तो सिंहेत, आणि त्यावर गुरूची दृष्टी. रवी-बुध म्हणजे अधिकार आणि बुद्धी. मंगळ पुन्हा आला, या वेळी स्वतः सप्तमेश होऊन. आणि गुरू पुन्हा आला, दृष्टीच्या रूपानं.

दुसरी वाट नवांशाची. नवांशाचं गणित सोपं आहे: प्रत्येक राशीचे 3 अंश 20 कलांचे नऊ भाग. मेष, सिंह, धनू या राशींची मोजणी मेषेपासून सुरू होते. वृषभ, कन्या, मकर यांची मकरेपासून, मिथुन, तूळ, कुंभ यांची तुळेपासून, आणि कर्क, वृश्चिक, मीन यांची कर्केपासून. लग्न कन्या 11 अंश, म्हणजे चौथा भाग: मकर, कुंभ, मीन, मेष. नवांश लग्न मेष. त्याचं सातवं तूळ, स्वामी शुक्र. शुक्र तुळेत सुमारे साडेनऊ अंशांवर, म्हणजे तिसरा भाग: तूळ, वृश्चिक, धनू. नवांशातला सप्तमेश धनूत, गुरूच्या घरी. गुरू स्वतः धनूत 24 अंशांच्या आसपास, आठवा भाग, मेषेपासून आठवी वृश्चिक. म्हणजे गुरू मंगळाच्या नवांशात.

हाच भाग मुंबईच्या रेखांशावर काढला असता तर नवांशाचं सातवं कन्या आलं असतं, स्वामी बुध, आणि आपण हिशेबी, बडबड्या, वयानं लहान दिसणाऱ्या मुलाचं वर्णन करून बसलो असतो. म्हणून वेळेची खात्री पाच-सात मिनिटांपर्यंत नसेल तर नवांशातलं लग्न वापरूच नका. तेव्हा ग्रह कुठल्या नवांशात आहेत तेवढंच पाहा, कारण गुरू किंवा शुक्राचा नवांश काही मिनिटांनी बदलत नाही. चंद्राचा मात्र सहा तासांच्या आसपास बदलतो.

ताळा मांडू. गुरू तीन वाटांनी आला: लग्नाकडून सप्तमेश, चंद्राकडून सप्तमेशावर दृष्टी टाकणारा, नवांशात सप्तमेशाचा यजमान. म्हणून शिक्षण, सचोटी, कामातला मान ही विधानं ठामपणे करता येतात. मंगळ तीन वाटांनी आला: सप्तमावर दृष्टी, चंद्राकडून सप्तमेश, आणि गुरूचा नवांशस्वामी. म्हणून त्या शिक्षणाला तांत्रिक किंवा चिरफाड करून मुळाशी जाण्याची धार आहे आणि स्वभावात दबलेला राग आहे, हेही सांगता येतं. शनी मात्र जन्मकुंडलीतच दिसला, घरात बसून आणि गुरूला बघून. चंद्राकडून किंवा नवांशातून त्याला दुजोरा मिळाला नाही. तेव्हा गांभीर्य आणि मितभाषीपणा सांगायचा, पण वयातलं अंतर किंवा उशीर यावर जोर द्यायचा नाही. केतू, शुक्र आणि रूप हे विषय बाजूला ठेवायचे.

लग्न केव्हा होईल हा प्रश्न याच बैठकीत येतो. तो दशा-गोचराचा विषय आहे, आणि वर्णन वाचताना त्यात शिरलो की दोन्ही अर्धवट राहतात. वेगळ्या दिवशी पाहावं.

कागदावर काय लिहून द्यायचं

मी घरच्यांना तोंडी सांगतोच, पण चार ओळी लिहूनही देतो, कारण तोंडी सांगितलेलं दुसऱ्या घरी पोचेपर्यंत बदलतं. या पत्रिकेसाठी लिहिलेल्या ओळी अशा:

"मुलगा शिकलेला आणि कामात मान असलेला. बोलणं मोजकं, पहिल्या भेटीत थंड वाटेल, म्हणून किमान दोन भेटी होऊ द्याव्यात. ओळखीतून किंवा आपल्याच भागातल्या घरातून येण्याची शक्यता अधिक. राग क्वचित पण तीव्र, तेव्हा राग आल्यावर तो कसा वागतो हे त्याच्या घरच्यांत बसून पाहावं. मंगळामुळे स्थळ नाकारू नये."

प्रत्येक ओळीपाशी घरच्यांना काहीतरी करता येईल असं असावं. "संसारात कष्ट" असं लिहिलं तर आई रात्रभर जागी राहील, आणि तिच्या हातात काहीच नसेल.

स्थळ आलं की मुलाच्या पत्रिकेशी हे वर्णन लावून पाहायचा मोह होतो. जुना नियम असा की जोडीदाराचं लग्न किंवा चंद्र सप्तम राशीत, सप्तमेश असलेल्या राशीत, सप्तमेशाच्या उच्च राशीत किंवा त्याच्या नवांश राशीत सापडतो. आपल्या पत्रिकेत त्या राशी मीन, धनू, कर्क आणि वृश्चिक. मी हा नियम वापरतो, पण त्याचं वजन ओळखून. 12 पैकी 4 राशी, आणि लग्न किंवा चंद्र अशा दोन संधी. नुसत्या योगायोगानंही निम्म्याहून जास्त मुलं या चाळणीतून उतरतील. नियम फक्त मीन आणि धनूपुरता ठेवला तरी तीनांतला जवळजवळ एक उतरेल. त्यामुळे "धनू राशीचा मुलगा आला, हाच तो" असं कुणी म्हणालं तर त्यांना हा हिशेब करून दाखवा.

मुलाच्या पत्रिकेत त्याऐवजी हे पाहा: त्याच्या लग्नाशी किंवा लग्नेशाशी गुरूचा संबंध आहे का, आणि मंगळ त्याच्या लग्नाला, चंद्राला किंवा दहाव्या घराला कुठे स्पर्श करतो का. गुरू आणि मंगळ हे दोघंच आपल्या ताळ्यातून पक्के निघालेले ग्रह आहेत. दोन्ही संबंध सापडले तर वर्णन त्याला लागू पडतंय असं म्हणायला जागा आहे. एकच सापडला तर भेटीत स्वभाव पाहून ठरवा. एकही सापडला नाही तर मुलाची जन्मवेळ आणि जन्मगाव पुन्हा मागवा, आणि पत्रिका स्वतः काढून बघा. मुलाकडच्यांनी पाठवलेल्या फोटोवर जन्मगावाच्या रकान्यात काय लिहिलंय, तिथून सुरुवात करा.